संपादकांना पहिलं पत्र लिहिताय?

दोन औषधांची तुलना करणाऱ्या शोधनिबंधावरचा तुमचा मसुदा वाचला. त्यात सहा आक्षेप आहेत, पाच काढा. न्यू इंग्लंड जर्नलसारखी नियतकालिकं 175 शब्द आणि लेख छापल्यापासून तीन आठवडेच देतात. आपल्या नाशिकच्या जर्नल क्लबातली सगळी चर्चा त्यात मावणार नाही.

'फरक आढळला नाही, म्हणून दोन्ही औषधं सारखीच' हा लेखकांचा निष्कर्ष, एवढा एकच मुद्दा धरा. समजा, दोन्ही गटांत 50-50 रुग्ण. जुन्या औषधाने 40 बरे झाले, नव्याने 36. फरक 8 टक्के बिंदूंचा, पण त्याचा 95 टक्के विश्वासांतराल साधारण उणे 9 ते अधिक 25. म्हणजे नवं औषध 25 बिंदूंनी कमी पडण्याची शक्यताही ही आकडेवारी नाकारत नाही. मग 'सारखीच' कशावरून? किती फरक चालेल, हे लेखकांनी आधी ठरवलं होतं का, ते सीटीआरआय या भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीत बघा.

नवखे लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, 'नमुना लहान आहे' एवढंच म्हणून थांबतात; अंतराल स्वतः काढून दाखवा. दुसरं, 'नवं औषध वाईट आहे' असं लिहून बसतात. तेही या आकड्यांतून सिद्ध होत नाही, आणि लेखकांचं उत्तर नेमकं तिथेच बोट ठेवेल.

लेखकांच्या हेतूंवर शब्दही नको. सुधारित निष्कर्षाचं एक वाक्य मात्र सुचवा.