शेजारच्या काकू गाव सोडून जाताना

"शेजारच्या काकू कायमच्या मुलाकडे पुण्याला चालल्या आहेत. पंधरा वर्षांचा शेजार. निरोपाच्या चार ओळी लिहायला बसते, लिहिते आणि पुसून टाकते. एक तर फार रडवं होतं, नाहीतर अगदी कोरडं. 'संपर्कात राहू' लिहायलाही हात धजत नाही, कारण आधीच्या शेजारणीला तेच सांगितलं होतं आणि वर्षभरात फोन बंद झाले. काय लिहू?" (एक वाचक, धुळे)

ताई, अमळनेरच्या एका शिक्षिका अशाच अडचणीत माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतो. त्यांच्या शेजारच्या काकू सुरतला मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. बाईंनी फोनवर मसुदा दाखवला: "आपण आमच्या आयुष्यात देवासारख्या आलात, आपल्या आठवणी सदैव हृदयात राहतील." रोज अहिराणीत गप्पा मारणाऱ्या दोघी, आणि निरोप मात्र सत्कार समारंभातला! मी म्हटलं, फोन बाजूला ठेवा आणि काकूंनी तुमच्यासाठी काय काय केलं ते नुसतं सांगा.

आधी पाण्याचं निघालं. नळ कधी येईल याचा नेम नाही आणि बाई शाळेत. काकू भिंतीवरून पाइप टाकून यांची टाकी भरायच्या. मग उन्हाळ्यातल्या बिबड्या निघाल्या. काकू पहाटेच उठून ज्वारीचा घाटा शिजवायला घ्यायच्या आणि कपड्यावर बिबड्या घालण्याआधी गरम घाट्याची वाटी, वर तेल-तिखट, भिंतीपलीकडे यायची. हे सगळं बाई हसत सांगत होत्या. मग त्या थोड्या थांबल्या. नवऱ्याचं ऑपरेशन धुळ्याला झालं तेव्हा मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. बाई दवाखान्यात, मुलगी घरी एकटी. काकू रात्री जेवण घेऊन यायच्या आणि मुलगी अभ्यास करत असेपर्यंत शेजारी बसून राहायच्या. "याबद्दल मी त्यांना कधी काही बोललेच नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बसला.

मी अशाच जागेची वाट बघत असतो. जी गोष्ट सांगताना आवाज बदलतो आणि जिचे आभार राहून गेलेले असतात, ती निरोपात घ्यायची. बाकीच्यांना एकेक ओळ पुरते. सगळंच मांडायला गेलं की यादी होते आणि वाचणाऱ्याला कुठे थांबावं ते कळत नाही.

ती गोष्ट लिहिताना काकूंनी काय केलं एवढ्यावर थांबू नका. ते त्यांना माहीतच असतं, कदाचित विसरल्याही असतील. त्या वेळी तुमची काय अवस्था होती आणि त्यांच्या करण्याने काय सोपं झालं, हे त्यांना माहीत नसतं. बाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलगी जेवली असेल ही खात्री होती, म्हणून मी नवऱ्याजवळ शांतपणे बसू शकले." पत्राचा जीव या वाक्यात होता.

शब्द साधे पडतील, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, ही भीती जवळपास प्रत्येकालाच वाटते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी 2018 साली नेमकं हेच तपासलं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा पत्र मिळालेल्यांना जास्त आनंद झाला, आणि अवघडलेपण मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघालं. लिहिणारे शब्द नीट जमतात की नाही याची काळजी करत होते, वाचणाऱ्यांना त्यातली माया जास्त पोचत होती.

एक वाक्य मात्र मी बाईंना काढायला लावलं: "तुमच्याशिवाय आमचं कसं होणार?" उतारवयात स्वतःचं घर, गल्ली, देवळातल्या बायका सोडून निघालेल्या माणसाचं दुःख आपल्यापेक्षा मोठं असतं. आपल्याला सावरायचं कामही त्यांच्यावर टाकू नये.

आता 'संपर्कात राहू'बद्दल. आधीच्या शेजारणीचे फोन बंद झाले, त्यात तुमच्यापैकी कुणी खोटं ठरलं असं मला वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास केला होता, तो 1950 साली प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री होते यात दार किती जवळ आहे याचा वाटा फार मोठा निघाला. शेजाऱ्यांची भेट ठरवावी लागत नाही. नळ, भिंत, वाळवण ती घडवून आणतात. काकू गेल्या की हे सगळं एकदम थांबतं, आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवत नाही. पहिले काही आठवडे फोन खूप होतात. मग एखादा चुकतो. आता उशीर का झाला ते सांगावं लागेल म्हणून दुसरा लांबतो, आणि लाजेपोटी तिसरा होतच नाही.

म्हणून वचन लहान द्या, आणि पंचांगात आधीच असलेल्या दिवसाला बांधा. फोन कोण करणार तेही लिहा. खंड पडला तर कारण सांगायचं नाही, हेही आधीच लिहून टाका. बाईंचं शेवटचं पत्र असं झालं:

"काकू, ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पोरीची दहावी होती. तुम्ही रोज रात्री तिला जेवू घालून तिच्याजवळ बसत होत्या. पोरगी जेवली असेल हे मला माहीत होतं, म्हणून मी दवाखान्यात धीराने बसले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. टाकी तुम्ही भरली, घाटा तुम्ही खाऊ घातला. भिंतीवरून 'जेवन व्हयनं का वं?' अशी तुमची हाक यायची, तिची सवय झाली आहे. कानबाई बसेल त्या रविवारी मी फोन करीन आणि संक्रांतीलाही करीन. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला या, सुरतहून गाडी सरळ आपल्या स्टेशनावर येते. उतरायचं माझ्याकडेच. मध्ये फोन राहिला तर रागवायचं नाही, कारण विचारायचं नाही, सरळ बोलायला लागायचं."

काकूंना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून बाईंनी हे वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं. टेम्पोत सामान चढताना वाचायला कुणाला फुरसत नसते, तेव्हा निघण्याच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, हातात दिलं. काकू आधी म्हणाल्या, "त्यात काय एवढं!" थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं की तेव्हा काका नुकतेच गेले होते, रात्री घर खायला उठायचं, आणि त्या पोरीजवळ बसल्या की वेळ निघून जायचा. इतकी वर्षं शेजारी राहून बाईंना हे ठाऊक नव्हतं.

पुढे कानबाईचा फोन झाला, संक्रांतीचा राहिला. महिन्याभराने काकूंचाच आला आणि त्यांनी थेट बिबड्यांची चौकशी केली.

ताई, तुमच्या काकूंचं नाव कागदावर लिहा आणि त्याखाली, जिचे आभार मानायचे राहिले ती एकच गोष्ट. 'मी तेव्हा' असे शब्द घालून पुढचं वाक्य सुरू करा. पुण्याला फोन कोणत्या दिवशी करायचा ते मात्र काकूंनाच विचारून ठरवा, कारण मुलाच्या घरात त्यांना निवांत कधी मिळेल हे त्याच सांगू शकतील.