चुकून एकाच विमानाची दोन तिकिटं निघाली, एअरलाइनला पत्र कसं लिहायचं?

प्रश्न: काल रात्री बाबांचं पुणे-दिल्ली तिकीट एअरलाइनच्या साइटवर काढलं. पेमेंट करताना पान अडकलं म्हणून परत काढलं, तर आता दोन्ही कन्फर्म आलेत. प्रवास तीन आठवड्यांनी आहे. जास्तीचं रद्द करून पैसे परत मागायचं पत्र कसं लिहू?

उत्तर:

पत्र नंतर लिहा, आधी घड्याळ बघा. मी सांगलीत विश्रामबागला तिकीट बुकिंगचं काम करतो, आणि असं डबल तिकीट घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा आठवडा घालवूनच येतो, कारण मेल टाकला की काम झालं असं त्याला वाटत असतं. मेलमुळं तिकीट रद्द होत नाही. कस्टमर केअरवाला तो कधी उघडेल त्याचा भरवसा नाही आणि तोवर तुमची वेळ निघून जाते.

विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियम असा की तिकीट थेट एअरलाइनच्या साइटवरून काढलेलं असेल आणि प्रवास किमान सात दिवस पुढं असेल, तर बुकिंगपासून 48 तासांत कॅन्सलेशन चार्ज न देता रद्द करता येतं. तुमचं दोन्हीत बसतंय. म्हणजे उद्या रात्री बुकिंगच्या वेळेपर्यंत मुदत आहे, पण वाट न बघता आजच साइटवर जाऊन एक पीएनआर स्वतः रद्द करायचा, मग पत्र. फक्त शेवटचं बटण दाबायच्या आधी स्क्रीनवर चार्ज शून्य दिसतोय का ते बघा, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. चार्ज दिसत असेल तर बटण न दाबता लगेच कस्टमर केअरला फोन लावा आणि तक्रार क्रमांक घ्या, पण मुदत संपत आली तरी तोडगा निघत नसेल तर रद्द करून टाका, कापलेल्या पैशासाठी भांडता येतं.

आता दोनातलं ठेवायचं कुठलं. लोक सवयीनं दुसरं रद्द करतात. पण बाबांचं नाव आधार कार्डाप्रमाणं कुठल्या तिकिटावर बरोबर आहे ते आधी बघा, आणि व्हीलचेअर सांगितली असेल किंवा सीटचे पैसे भरले असतील तर ते एकाच पीएनआरला चिकटलेलं असतं, दुसऱ्यावर आपोआप जात नाही. दोन्ही सारखीच असतील तर नंतर काढलेलं रद्द करा, कारण प्रत्येक पीएनआरचे 48 तास वेगळे मोजले जातात आणि नंतरच्याला थोडा वेळ जास्त मिळतो.

अजून एक, खात्यातून पैसे दोनदा गेलेत पण पीएनआर एकच आलाय असं असेल तर ती वेगळी भानगड. तिथं रद्द करायला तिकीटच नसतं, पैसे मध्येच अडकलेले असतात. यूपीआयचं असेल तर पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, नाही आले तर बँकेच्या मागं लागायचं. तुमचे दोन्ही कन्फर्म आहेत म्हणताय, म्हणजे दोन पीएनआर आलेत असं धरतो.

पत्र छोटं ठेवा. पान कसं अडकलं, नेट कसं गेलं याची कहाणी कुणी वाचत नाही. त्यांना दोनच गोष्टी कळायला पाहिजेत, दोन्ही बुकिंग एकाच माणसाची एकाच विमानाची आहेत आणि यातलं कुठलं ठेवायचं आहे. हे दुसरं लोक लिहायला विसरतात, मग समोरचा भलताच पीएनआर रद्द करतो आणि बाबा विमानतळावर उभे. मी देतो तो मजकूर असा (पीएनआर नमुन्याचे आहेत, तुमचे घाला):

> विषय: चुकून झालेलं दुहेरी बुकिंग, पीएनआर Q4T9RP रद्द करून पूर्ण परतावा मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> माझ्या वडिलांसाठी (प्रवाशाचं नाव तिकिटावर आहे तसं) पुणे ते दिल्ली, विमान क्रमांक ___, प्रवासाची तारीख ___ या एकाच प्रवासाची दोन तिकिटं तुमच्या वेबसाइटवर चुकून काढली गेली आहेत.
>
> पीएनआर X7K2LM, बुकिंग दि. ___ वेळ ___, रक्कम ___ : हे तिकीट कायम ठेवावं.
> पीएनआर Q4T9RP, बुकिंग दि. ___ वेळ ___, रक्कम ___ : हे मी दि. ___ रोजी ___ वाजता, बुकिंगपासून 48 तासांच्या आत रद्द केलं आहे.
>
> प्रवासाला सात दिवसांपेक्षा जास्त अवधी असल्यानं डीजीसीएच्या परतावा नियमांप्रमाणं कॅन्सलेशन चार्ज न लावता रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी. क्रेडिट शेल किंवा व्हाउचर नको आहे.
>
> सोबत दोन्ही ई-तिकिटं, रद्द केल्याचा स्क्रीनशॉट आणि दोन्ही रकमा गेल्याची बँकेची नोंद जोडली आहे. तक्रार क्रमांक कळवावा.

हेच याच क्रमानं इंग्रजीत टाकलं तर लवकर हलतं, कारण वाचणारा बहुधा गुडगावला बसलेला असतो. बुकिंगला दिलेल्या मेल आयडीवरूनच पाठवा, नाहीतर ओळख पटवण्यातच दोन मेल जातात. व्हाउचरचं वाक्य काढू नका, पैसे घ्यायचे की क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम, हे प्रवाशानं ठरवायचं असतं, पण तुम्ही काही बोलला नाही तर ते शेलमध्ये ढकलून मोकळे होतात. साइटची कन्व्हिनियन्स फी मात्र बहुतेक कंपन्या परत देत नाहीत, त्यावर डोकं लावू नका.

48 तास उलटून गेलेले असतील तर गणित बदलतं. तासगावच्या एका गिऱ्हाइकाचं असंच होतं, तिकीट 4,400 चं, त्यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून 3,400 आणि बाकी 1,000 कर आणि विमानतळाचे चार्जेस. कंपनीच्या तक्त्यात कॅन्सलेशन चार्ज 4,000 लिहिलेला, म्हणून त्यांनी 400 देऊ केले. पण नियमानं चार्ज मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेताच येत नाही, आणि कर आणि विमानतळाचे पैसे नॉन-रिफंडेबल तिकिटावरसुद्धा परत द्यावे लागतात. म्हणजे 1,000 तर त्याच्या हक्काचे. तेवढं एक वाक्य लिहून मेल टाकला आणि ते मिळाले. वरच्या 3,400 साठी विनंती केली होती, नाव, विमान, तारीख सगळं एकच आहे बघा म्हणून, कधी कधी कंपनी मेहरबानी करते, त्याला नाही मिळाले. तिथं हक्क सांगता येत नाही, त्यामुळं भाषा विनंतीचीच ठेवायची. आणि जास्तीचं तिकीट तसंच सोडून देऊ नका, विमान उडून गेलं की नो-शो लागतो आणि मग साधारण करापुरतेच पैसे हातात येतात.

एजंटकडून किंवा बुकिंग ॲपवरून काढलेलं असेल तर रद्दही तिथूनच करावं लागतं, पैसे त्याच वाटेनं येतात आणि 14 कामाच्या दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, तरी जबाबदारी एअरलाइनचीच. तुमचं थेट आहे, क्रेडिट कार्डवर असेल तर सात दिवसांत परतावा करायचा नियम आहे. नाही आला तर एअरलाइनच्या साइटवर तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरचा मेल असतो, त्याला हेच पत्र तक्रार क्रमांकासकट पाठवा, तिथंही गप्प बसले तर कंपनीतलीच त्याच्या वरची अपिलेट ऑथॉरिटी, आणि सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. पोर्टलवर पीएनआर टाकताना रद्द केलेला टाका, बाबा ज्यावर जाणार आहेत तो नको.