चष्म्याचा नंबर समजून घेताना

सूत्रं सध्या राहू दे. आधी −२ हा एकच नंबर पक्का कर. हा नंबर असलेल्या माणसाला अर्ध्या मीटरपलीकडचं धूसर दिसतं, कारण लांबचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच जुळतात. अंतर्गोल भिंग ते किरण फाकवून जणू अर्ध्या मीटरवरून आल्यासारखे करतं. १ भागिले ०.५ म्हणजे २, ऋण चिन्ह अंतर्गोलाचं. दूरदृष्टीत किरण जुळायला उशीर होतो, म्हणून बहिर्गोल.

नवखे बहुधा दोन ठिकाणी अडतात:

- भिंग वस्तू मोठी करतं म्हणून स्पष्ट दिसतं, असं समजतात. अंतर्गोलातून तर ती लहानच दिसते!
- भिंग नुसतं चाचपून ओळखायला जातात. त्यापेक्षा चष्मा डोळ्यांपासून वीतभर धर, त्यातून लांबचा विजेचा खांब बघ आणि चष्मा उजवीकडे सरकव. खांबही उजवीकडे गेला तर अंतर्गोल, डावीकडे गेला तर बहिर्गोल.

सिलिंडर, म्हणजे ठरावीक दिशेतला दोष सुधारणारा नंबर, नंतर बघू.