किल्ली कमरेला का होती?

*ताई, आम्ही जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आखाजीला मी चोपड्याला माहेरी गेले होते आणि यजमानांची भुसावळला रात्रपाळी होती. नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी सासूबाईंजवळ होती. रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टरच्या वायरी जळून स्वयंपाकघरातला धूर हॉलभर झाला. सासूबाईंनी मुलांना बाहेर काढले, हे खरे. पण त्यांनी आरडाओरडा केला नाही, मला फोन केला नाही. नुसते "खाले बसा" म्हणून मुलांना फरशीवरून रांगत नेले, त्यात धाकटीचे गुडघे सोलले. मुलगा टॅब घ्यायला वळला, तर त्याच्या थोबाडीत मारली. बाहेर पडल्यावर दार ओढून घेतले, ते लॅचने बंद झाले आणि पुढे तोडावे लागले. चोरांच्या भीतीने आम्ही जाळीच्या दाराला रात्री आतून कुलूप लावतो, त्याची किल्ली त्यांच्या कमरेला होती म्हणून बरे. आता मला सांगा, वय झालेल्या माणसाच्या भरवशावर मुले ठेवावीत का?*
*— एक आई, जळगाव*

बाई, तुम्ही सासूबाईंविषयी एवढे लिहिले आणि ज्या गोष्टीने तुमची मुले त्या रात्री घरातच अडकली असती, ती एका वाक्यात आटोपलीत. रात्री घरात माणसे झोपलेली असताना दाराला आतून कुलूप घालायचे ठरवले कोणी? सासूबाईंनी ठरवलेले नसावे, कारण ज्याला त्या कुलपाचा भरवसा असतो तो किल्ली खिळ्याला टांगतो, आणि ज्याला त्याची भीती वाटते तो ती कमरेला खोचून झोपतो.

तुमच्या फ्लॅटला बाहेर पडण्याची वाट एकच आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांप्रमाणे तुमच्या खिडक्यांना आणि गॅलरीलाही पक्के गज असणार. म्हणजे अंधार, धूर, दोन लहान मुले आणि सुटकेचे सारे अवलंबून एका छोट्या किल्लीवर. ती किल्ली फ्रिजवरच्या टोपलीत किंवा स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असती, तर सासूबाईंना ती आणायला धूर निघत होता तिथेच जावे लागले असते. आज रात्री दिवे मालवून आणि डोळे मिटून ते कुलूप एकदा उघडून पाहा. किल्लीचे तोंड चाचपण्यात किती वेळ जातो, ते तुम्हाला कळेल, आणि त्या वेळी तुम्हाला ठसका लागलेला नसेल की पदराला धरून कोणी रडत नसेल.

धुराविषयी थोडे सांगते, म्हणजे सोललेल्या गुडघ्यांचा हिशेब नीट लागेल. आगीत माणसे जळण्याआधी बहुधा धुराने जातात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही माणसाला गुंगी येते आणि पाय चालेनासे होतात. वायरीवरचे पीव्हीसी जळते तेव्हा त्यातून आम्लाची वाफही निघते, ती डोळे आणि घसा चुरचुरवते. गरम धूर आधी वर जाऊन छताशी साचतो आणि मग खाली उतरू लागतो. श्वास घेण्याजोगी हवा शेवटपर्यंत उरते ती फरशीजवळ. सहा वर्षांची मुलगी उभी राहून धावली असती, तर तिचे गुडघे शाबूत राहिले असते आणि फुप्फुसे भरली असती. आरडाओरडा करायला मोठा श्वास घ्यावा लागतो, आणि आजी घाबरली हे मुलांना कळले की ती पलंगाखाली किंवा कपाटात दडतात, मग अंधारात ती सापडत नाहीत. त्या बाईंनी दोनच शब्द वापरले आणि तेच हवे होते. थोबाडीत मारण्याचे मी एरवी कधीच समर्थन करणार नाही, पण टॅबसाठी मागे वळलेल्या मुलाला समजावत बसायला तिथे वेळ नव्हता.

दार ओढून घेतल्याचा तुम्हाला राग आहे. ते उघडे राहिले असते, तर तुमच्या घरातला धूर जिन्यात शिरून वर चढला असता आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांना खाली येण्याची वाट उरली नसती. शिवाय उघड्या दारातून आत जाणाऱ्या हवेने आग वाढते. तोडलेल्या दाराचा खर्च विसरून जा. (जिनाच धुराने भरलेला असेल तर मात्र उलटे करायचे असते: बाहेर पडायचे नाही, दार लावून फटीत ओले कापड कोंबायचे आणि गॅलरीतून हाका मारायच्या.) फोनचे म्हणाल तर तो बाहेर पडल्यावर करायचा, आणि पहिला १०१ किंवा ११२ ला करायचा, माहेरी गेलेल्या सुनेला नव्हे.

आता त्या इन्व्हर्टरकडे या. वीज गेली म्हणजे घरात करंट नाही, हा समज जिथे इन्व्हर्टर आहे तिथे खोटा ठरतो, कारण त्याच वेळी बॅटरीच्या तारांमधून सर्वांत जास्त प्रवाह वाहत असतो. साधा हिशेब करा. मे महिन्याच्या रात्री कूलर, दोन पंखे आणि आणखी काही मिळून ६०० वॉटचा भार असेल, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअरहून जास्त प्रवाह काढला जातो. बॅटरीच्या टोकावरचा नट किंचित सैल असला, किंवा तिथे पांढरी-हिरवट भुकटी साचलेली असली, की तेवढीच जागा तापते, वायरीचे आवरण वितळते आणि धूर निघू लागतो. मीटरजवळचा मेन स्विच पाडून ते थांबत नाही, कारण ती वीज मेनमधून आलेलीच नसते. तुमच्याकडे बहुधा वायर जळून पंखा बंद पडला असावा आणि उकाड्याने सासूबाईंना जाग आली असावी. वासाने जाग येईल यावर विसंबू नका. गाढ झोपेत धुराच्या वासाने जाग येतेच असे नाही. जाणत्या वायरमनकडून वायरी, बॅटरीची टोके आणि बॅटरीजवळचा फ्यूज तपासून घेतल्याखेरीज तो इन्व्हर्टर पुन्हा सुरू करू नका, आणि कूलर त्याच्यावर चालवू नका. वायर हाताला गरम लागली किंवा बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास आला, तर आधी इन्व्हर्टर बंद करायचा आणि खिडक्या उघडायच्या.

पण हे सगळे उद्याचे. आज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत, ते कुलूप काढा. त्याच्या जागी आतून नुसत्या हाताने सरकणारी जाड कडी बसवून घ्या, आणि ती इतक्या उंचीवर हवी की तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला अंधारातही उघडता येईल. बाहेरून जाळीत हात घालून कोणी कडी काढेल ही तुमची भीती रास्त आहे, तर फॅब्रिकेशनवाल्याकडून कडीभोवती वीतभर पत्रा वेल्ड करून घ्या, म्हणजे बाहेरच्याचा हात पोचणार नाही आणि आतल्याचा अडणार नाही. हे काम तासाभराचे आहे.

मुले सासूबाईंजवळच राहू द्या. कडी बसली की ती त्यांना डोळे मिटून तीनदा उघडून पाहायला सांगा, मग मुलाला, मग तुम्ही स्वतः आणि यजमानांनीही. कमरेची ती किल्ली त्यांच्याकडून मागून घ्यायची झाली, तर कडी बसल्यानंतर मागा, त्याआधी नको.