पाण्यात शिरण्यापूर्वी जोरजोरात श्वास घेऊ नये, ते का

प्रश्न: माझा मुलगा सूर मारण्याआधी दहा-बारा खोल श्वास भराभर घेतो आणि मग मिनिटभर आरामात पाण्याखाली राहतो. ऑक्सिजन जास्त भरला जातो म्हणूनच ना? यात काही धोका आहे का?

आहे, आणि तो येताना मुलाला कळत नाही. आजपासूनच त्याची ही सवय बंद करा, त्यामागचं कारण मग सावकाश वाचा.

मी वडोदऱ्यात नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा धडा दरवर्षी शिकवत होते, तरी दोन उन्हाळ्यांपूर्वी माझा सतरा वर्षांचा भाचा तलावाच्या तळाशी निपचित पडेपर्यंत त्याचं गांभीर्य मला पुरतं उमगलं नव्हतं. पंचवीस मीटरचा टप्पा त्याने एका दमात पार केला, काठाला हात लावून भराभर श्वास घेतले आणि परत पाण्याखाली गेला. अर्ध्यावर त्याचे हातपाय थांबले. तडफड नाही, पाण्यावर हात मारणं नाही. काठावरच्या जीवरक्षकाचं लक्ष होतं म्हणून तो वाचला. जीवरक्षक मला म्हणाला, "बेन, छोकरो अंदर सूई गयो होय एवुं लाग्युं," म्हणजे पोरगा आत झोपून गेल्यासारखा वाटला. आणि भाचा शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "मावशी, मला तर अजून दम लागलाच नव्हता."

त्याचं हे वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि गोम त्यातच आहे.

श्वासाचा ताल मेंदूच्या बुंध्यात, लंबमज्जेत ठरतो. तिथे प्री-बॉट्झिंगर नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे. 1991 साली तो उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत दाखवला गेला. मेंदूच्या बुंध्याची पातळ चकती द्रावात ठेवली तरी त्या पेशी आपापसात ठेका धरत राहतात. पण ठेका किती जलद आणि श्वास किती खोल, हे त्यांना बाहेरून सांगावं लागतं. ते काम रासायनिक ग्राहकांचं, म्हणजे रक्तातल्या वायूंचे बदल टिपणाऱ्या पेशींचं. त्यातले मुख्य ग्राहक लंबमज्जेच्या पुढच्या पृष्ठभागाजवळ असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मेंदूच्या आवरणातून सहज आत शिरतो, पाण्याशी मिळून आम्ल बनवतो आणि त्यातले हायड्रोजन आयन या पेशींना डिवचतात. मेंदूभोवतीच्या द्रवात प्रथिनं नगण्य असतात, त्यामुळे आम्ल शोषून घ्यायला तिथे फारसं काही नसतं आणि थोडासा बदलही चटकन जाणवतो. दुसरे ग्राहक मानेत, कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथे असतात. तांदळाच्या दाण्याएवढे हे कॅरोटिड बॉडी ऑक्सिजनही मोजतात आणि जिभेमागच्या नसेवाटे बुंध्याला कळवतात.

आता तुम्ही विचाराल की माणूस जगतो ऑक्सिजनवर, तर मग पहारा कार्बन डायऑक्साइडवर का? कारण हिमोग्लोबिनच्या स्वभावात आहे. धमनीच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण 100 मिलिमीटर पारा असतो आणि हिमोग्लोबिन 97-98 टक्के भरलेलं असतं. दाब 60 वर घसरला तरी ते जवळपास 90 टक्के भरलेलं राहतं. म्हणजे एवढ्या घसरणीने पेशींचं फारसं बिघडत नाही, आणि म्हणूनच मानेतले ग्राहकही 60 च्या आसपास येईपर्यंत मोठी ओरड करत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो श्वासाच्या प्रमाणात लगेच वर-खाली होतो आणि रक्ताची आम्लता त्याच्याशी बांधलेली असते. त्याचा नेहमीचा दाब 40. तो एक मिलिमीटर वाढला तरी मिनिटाला दोन-तीन लिटर हवा जास्त आत-बाहेर होऊ लागते. 1905 साली हॉल्डेन आणि प्रिस्टली या दोघांनी फुप्फुसातल्या हवेचे नमुने घेऊन हा वायू किती काटेकोर पातळीवर राखला जातो ते दाखवलं. शिकवताना मला आजही त्या प्रयोगाचं अप्रूप वाटतं.

आता तुमच्या मुलाचा हिशोब मांडू. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक थोडे बदलतात.

जोरजोरात श्वास घेतल्याने फुप्फुसातल्या हवेत ऑक्सिजन 14 टक्क्यांवरून फार तर 17 पर्यंत जातो. फुप्फुसात पाच लिटर हवा धरली तर ही वाढ दीडशे मिलिलिटरची. रक्त तर आधीच भरलेलं, त्यात भर नावापुरती. नुसतं बसून राहिलं तरी शरीर मिनिटाला अडीचशे मिलिलिटर ऑक्सिजन खातं. पोहताना हा खर्च लिटरभर किंवा त्याहून जास्त होतो. म्हणजे दहा-बारा श्वासांची सगळी कमाई पाण्यात दहा सेकंदांत संपते.

कार्बन डायऑक्साइड मात्र 40 वरून 25 पर्यंत खाली येतो. साधारण 50 च्या आसपास श्वास घेण्याची ऊर्मी असह्य होते, पोटाचे स्नायू आपोआप आचके देऊ लागतात. साध्या श्वासाने पाण्यात गेलेल्या मुलाला तिथे पोहोचायला दहा मिलिमीटरची चढण असते. तुमच्या मुलाला पंचवीसची. त्या वाढलेल्या वाटेवर तो हातपाय मारत ऑक्सिजन जाळत असतो. ऑक्सिजनचा दाब तिशीपर्यंत घसरला की शुद्ध जाते, आणि कार्बन डायऑक्साइड तेव्हा पन्नाशीला टेकलेलाही नसतो. मानेतले ग्राहक या वेळी ओरडत नाहीत का? ओरडतात. पण कार्बन डायऑक्साइड कमी असताना त्यांचा आवाज फिका पडतो, आणि पोहण्याच्या ईर्ष्येत तो दाबताही येतो. त्यात भर म्हणजे कमी कार्बन डायऑक्साइडने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. भराभर श्वास घेतल्यावर हलकं वाटतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, ते याच बदलांमुळे. मुलं त्यालाच 'आता फुल चार्ज' म्हणतात.

श्वास घ्यावासा वाटण्यात सगळा वाटा या वायूचाच असतो असं मात्र नाही. छाती आणि पोटाच्या स्नायूंकडून येणाऱ्या संवेदनाही त्यात असतात. 1954 च्या एका प्रयोगात, अगदी दम संपलेल्या माणसांना पिशवीतली तशीच खराब हवा एकदोनदा आत-बाहेर करू दिली, तर त्यांना पुन्हा काही वेळ श्वास धरता आला. रक्तातले वायू सुधारले नव्हते, छाती हलली एवढंच. म्हणजे सरावाने ही ऊर्मी आणखी दाबता येते, आणि कसलेले पोहणारेही यात सापडतात ते त्यामुळेच.

मुलाला सांगा की डुबकीपूर्वी नेहमीसारखे एकदोन श्वास पुरे, आणि पहिला आचका आला की वर यायचं, मीटर मोजत बसायचं नाही. दोन डुबक्यांच्या मध्ये श्वास पूर्ण शांत होईपर्यंत काठावर थांबायचं. पाण्याखाली पोहताना काठावर एकाचं लक्ष फक्त त्याच्यावर असावं. आणि त्या लक्ष ठेवणाऱ्याने धडपडीची वाट बघू नये. हात थांबले, शरीर सैल पडलं किंवा तोंडातून बुडबुडे सुटले की तत्क्षणी उडी मारून तोंड पाण्याबाहेर काढायचं. पुष्कळदा श्वास तिथेच सुरू होतो. नाही झाला तर पाण्याबाहेर काढून लगेच तोंडाने श्वास द्यायचे, छाती दाबायची आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला लावायचा. भाच्याला दुसऱ्याच श्वासाला ठसका लागला होता. तरी फुप्फुसात पाणी गेलं असेल म्हणून डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं. तुमच्यावर अशी वेळ आली आणि मूल लगेच बोलू लागलं, तरी दवाखान्यात न्याच.