लिथियम लावायच्या आधी हा हिशोब कर

भाऊ, एटापल्लीकडच्या टॉवर साइटवर दोन वर्षांत व्हीआरएलए, म्हणजे सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीची बँक निकामी झाली म्हणून लगेच माल खराब म्हणू नकोस. आधी कागदावर मांड.

समज, लोड ४० अँपिअर, बँक ४०० अँपिअर-तासांची, म्हणजे एएचची. रात्री सहा तास लाइन नाही, म्हणजे २४० एएच गेले. सकाळी लाइन येते चारच तास. व्हीआरएलएला साधारण दहा टक्के, म्हणजे ४० अँपिअरने चार्ज करतात. चार तासांत फार तर १६० परत. रोज अर्धपोटी राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची जाते. मे महिन्यातला उकाडा वेगळाच.

लिथियम आयर्न फॉस्फेट अर्धवट चार्जला कुरकुरत नाही, करंटही भराभर घेते. पण नवखे इथंच फसतात. चार तासांत २४० भरायला बॅटरीला ६० आणि लोडला ४०, असा लाइनच्या एसीचा डीसी करून देणारा १०० अँपिअरचा रेक्टिफायर हवा. तुझा ७५ चा असेल तर बॅटरीला ३५ च उरतात. मी एकदा असंच केलं, महिनाभर जनरेटरचं डिझेल जळतच राहिलं.

जुन्या व्हीआरएलएच्या ५४ व्होल्टच्या फ्लोट सेटिंगवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या व्होल्टेजवर, लिथियम तशीच जोडू नकोस, कंपनीच्या कागदावरचे आकडे टाक. दोन्ही बॅटऱ्या एकाच डीसी बसवर समांतर जोडणं तर नकोच.

बॅटरी भरली का, ते नुसत्या व्होल्टवरून ठरवू नकोस. फ्लोटवर करंट अगदी थोडा उरला तरच भरली समज.