चप्पल मोठी नको, रुंद हवी

प्रश्न: सातवा महिना संपत आलाय. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, जुनी चप्पल पायात जात नाही आणि जिना उतरताना तोल जाईल असं वाटतं. कोणत्या ब्रँडची चप्पल घ्यावी? ऑनलाइन मागवली तर चालेल का?

"एक नंबर मोठी घे" असा सल्ला तुम्हाला आतापर्यंत कुणीतरी दिलाच असणार. तो ऐकू नका. माझ्या सासरचं साताऱ्यात चपलांचं दुकान आहे. लग्नानंतर मी आधी गल्ल्यावर आणि मग माल दाखवायला बसायला लागले. या एका वाक्यावरून माझा आणि मामंजींचा वाद अजून मिटलेला नाही. ते या धंद्यात चाळीस वर्षं आहेत, चामडं नुसतं हाताला लागलं की ते कसलं आहे हे सांगतात, आणि त्याबाबतीत मी त्यांच्या पायाशी बसून शिकले आहे. पण गरोदर बाई दुकानात आली की ते पाय न बघताच पोऱ्याला सांगतात, "सहा नंबर काढ." ते मला पटत नाही, आणि का पटत नाही हे माझ्या धाकट्या नणंदेच्या पायावर मला मोजून दाखवता आलं.

ती माध्यमिक शाळेत शिकवते. आठवा महिना होता, रजा अजून लागायची होती आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर. तिला नेहमी पाच नंबर लागतो. मामंजींनी तिला सहा नंबरची, मागे पट्टा नसलेली, जाड मऊ सोलची चप्पल दिली. आमच्याकडे तिला सगळे डॉक्टर चप्पल म्हणतात. दुकानात दोन पावलं चालली तेव्हा तिला ती छानच वाटली. मऊ चप्पल दोन पावलांना नेहमीच छान वाटते. शाळेचा जिना उतरताना मात्र पाऊल पुढे सरकलं, टाच चपलेच्या मागच्या कडेवरून सुटली आणि मोकळा राहिलेला भाग पायरीच्या काठाला अडकला. कठडा हातात होता म्हणून ती पडली नाही. संध्याकाळी येऊन म्हणाली, "वहिनी, ही चप्पल पायात राहतच नाही. सारखी बोटांनी धरून ठेवावी लागते, पोटऱ्या भरून येतात."

मी तिचं माप घेतलं. भिंतीला लावून जमिनीवर कागद ठेवला, तिला टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर वजन देऊन उभं केलं आणि पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात पुढच्या बोटाशी खूण केली. नंतर कापडी टेपने चवड्याचा घेर घेतला, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी जे सांधे असतात त्यांच्यावरून. तिच्या लग्नात सँडल करून घेतले होते, तेव्हाचं माप वहीत होतंच. तेव्हा लांबी 23.7 सेंटीमीटर होती, आता 24. चवड्याचा घेर तेव्हा 22.4 होता, आता 23.8. लांबी तीन मिलिमीटर वाढली होती आणि घेर चौदा मिलिमीटर.

आता नंबराचा हिशोब बघा. आपल्याकडे चालतो तो नंबर एकाने वाढला की लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि चवड्याचा घेर साधारण सहा मिलिमीटर. म्हणजे सहा नंबरने तिला नको असलेली लांबी दिली आणि हवा असलेला घेर अर्धासुद्धा दिला नाही. नुसत्या नंबराने घेर भरून काढायचा तर सात नंबरही अपुरा पडला असता, आणि त्यात पाऊल सतरा मिलिमीटर लांब चपलेत इकडेतिकडे फिरलं असतं. त्यामुळे चप्पल मोठी झाली तरी वर आवळायचीच आणि मागून सुटायचीच. मामंजींनी आकडे वाचले आणि म्हणाले, "आम्ही आयुष्यभर असंच दिलं, कोणी परत आलं नाही." पडता पडता वाचलेली बाई तक्रार घेऊन दुकानात येत नाही, ती चप्पल कोपऱ्यात टाकते आणि जुनी रबरी स्लीपर अडकवते, असं माझं म्हणणं आहे.

पाय असा का वाढतो, तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत असतात. एक म्हणजे सूज. अंगात पाणी जास्त असतं, पोटाच्या भाराने पायांकडून वर येणारं रक्त सावकाश फिरतं आणि दिवसभर उभं राहिलं की ते पाणी घोट्याभोवती आणि पावलाच्या वरच्या बाजूला उतरतं. ही सूज रात्री पाय वर घेऊन झोपलं की बरीच ओसरते. म्हणून माप संध्याकाळीच घ्यायचं आणि चप्पलही संध्याकाळीच घालून बघायची. दुसरी गोष्ट म्हणजे पावलाची कमान बसणं. या दिवसांत सांध्यांचे बंध सैल होतात, वर वजन वाढलेलं असतं, कमान थोडी खाली येते आणि पाऊल लांब-रुंद होतं. हे रात्रीत ओसरत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 49 गर्भवतींची पावलं मोजली होती, तो अभ्यास 2013 मध्ये छापून आला. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींची पावलं बाळंतपणानंतर काही महिन्यांनीही लांब किंवा रुंदच राहिली होती, आणि हा फरक पहिलटकरणींमध्ये जास्त दिसला.

तोल जातोय असं तुम्हाला वाटतं, तेही खरंच आहे. पोट पुढे येतं तशी बाई कंबर मागे टाकून चालते, पाय फाकवून टाकते आणि पायरी पोटाआड गेल्यामुळे पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. अशा वेळी टाच चपलेला धरलेली हवीच. त्यामुळे मागे पट्टा नसलेली कुठलीही चप्पल या महिन्यांत नको, मग ती कितीही महाग असो. कोल्हापुरी मला जिवापाड आवडते, पण आत्ता ती नको. तिचा अंगठा सुजलेल्या बोटाला काचतो, तळ सपाट आणि कडक असतो आणि मागे काहीच नसतं.

नणंदेला मी पाचच नंबर दिला, फक्त पुढून उघडा, मागे बंद टाचेचा आणि तीन ठिकाणी वेलक्रो असलेला सँडल. चवड्यावर एक पट्टा, पावलाच्या उंचवट्यावर एक, घोट्यापुढे एक. सकाळी तिन्ही पट्टे आवळायचे, शाळेत दुपारनंतर पहिले दोन सैल करायचे. घोट्यापुढचा पट्टा सैल सोडायचा नाही, कारण टाच तोच धरतो. लांबीचे तीन मिलिमीटर पुढच्या उघड्या भागात सहज मावले. बक्कलाचा सँडल मी मुद्दाम दिला नाही. आठव्या महिन्यात वाकून बारीक भोक शोधणं होत नाही, आणि मग बक्कल न लावताच चालणं सुरू होतं. वेलक्रोत धागे, केस अडकले की तो धरत नाही, तेव्हा जुन्या दातांच्या ब्रशने साफ करायचा.

चप्पल हातात घेऊन बघायच्या गोष्टी दुकानदार सांगत नाहीत, म्हणून सांगते. दोन्ही टोकं धरून कपडा पिळतात तशी पिळा. सहज पिळली गेली तर ती पावलाला आतल्या बाजूला कलू देणार, सोडून द्या. मग पुढचं टोक वर दाबा. ती चवड्याशी वाकली पाहिजे, जिथे बोटं वाकतात तिथे. मधोमध कमानीखाली घडी पडली तर नको. टाचेची मागची वाटी अंगठ्याने दाबा, लगेच आत गेली तर ती धरणार नाही. मऊपणा फक्त पायाखालच्या वरच्या थरात हवा, एमसीआर नावाच्या मऊ रबराचा असतो तसा, आणि त्याखालचा सोल घट्ट हवा. सगळाच सोल स्पंजासारखा असेल तर प्रत्येक पावलाला घोटा डुलतो. टाच चवड्यापेक्षा दीड-दोन सेंटीमीटर उंच आणि पसरट असावी. अगदी सपाटही त्रास देते, टाच दुखते आणि पोटऱ्या ताणल्या जातात. तळाला खोल नक्षी बघा, आमच्याकडच्या पावसात ओल्या फरशीवर गुळगुळीत सोल घेऊन जिना चढायचा नाही. घरातसुद्धा हीच, धुतलेली जोडी वापरा. बायका बाहेर जपून चालतात आणि न्हाणीघराच्या ओल्या उंबऱ्यावर घसरतात.

जोडवी वेळेवर काढा. सूज बोटांवर चढली की ती उतरत नाहीत आणि मग सोनाराकडून कापून घ्यावी लागतात. यावरूनही घरात बोललं जातं, पण बोट निळं पडण्यापेक्षा ते बरं.

एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती, ती इथे लिहिते. संध्याकाळी येऊन सकाळी उतरणाऱ्या सुजेबद्दलच मी बोलते आहे. सूज अचानक वाढली, चेहऱ्यावर किंवा हातांवर आली, सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येताहेत, बरगडीखाली दुखतंय, तर चपलेचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्तदाब बघून घ्या. 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टर पुढचं ठरवतील. एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल, लाल किंवा गरम लागत असेल, तर तेव्हाही थांबू नका, नसेत गुठळी असू शकते. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर नवी चप्पल कुठे घासते ते रोज कुणाला तरी बघायला सांगा, तुम्हाला स्वतःला दिसणार नाही.

बाळ चार-पाच महिन्यांचं झालं तेव्हा नणंदेचं माप मी पुन्हा घेतलं. घेर जवळपास पूर्वीइतका झाला होता, लांबी 23.9 वर राहिली होती. "बाळंतपण झालं की पाय होता तसा होतो" असं मामंजी गिऱ्हाइकांना अजूनही सांगतात. मी त्यांना वहीतलं ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि वही बंद केली. तुम्ही मात्र जुने महागडे बूट सध्या घट्ट झाले म्हणून वाटूनही टाकू नका आणि पुढे ते नक्की होतील असंही धरून चालू नका.

ब्रँडचं नाव मी सांगत नाही, कारण एकाच ब्रँडच्या दोन सँडलचे साचे वेगळे असतात आणि दर हंगामाला बदलतात. ऑनलाइन मागवायचीच असेल तर लांबीसोबत रुंदीचाही पर्याय देणारी आणि परत घेणारी निवडा. आल्यावर संध्याकाळी घरातच, फरशीवर चादर अंथरून, अर्धा तास घालून फिरा. पट्ट्याचा वळ उठला किंवा टाच वर-खाली झाली तर परत पाठवा. जिन्यावर पहिल्यांदा जाल तेव्हा कठडा धरा आणि कुणाला तरी दोन पायऱ्या खाली उभं करा.